सगळे अडखळले, एक सोडून

प्रकाशनाच्या ऑफिसात तिला सगळे चाळणीताई म्हणायचे. हे नाव मालकीणबाईंनी ठेवलं होतं. पुस्तक छापायला जाण्याआधी किंवा ई-बुक विक्रीला जाण्याआधी शेवटची नजर तिची असायची. तिच्या हातून जे सुटेल ते थेट वाचकाच्या पुढ्यात, असा हिशेब होता. नावाचं तिला वाईट वाटत नसे. आपल्या नवऱ्यालाच ती हसत सांगायची की ऑफिसात मी चाळणी, घरात तू पक्कड. नवरा प्लंबर होता.

त्या आठवड्यात तिच्याकडे अक्कांची कादंबरी आली. अक्का म्हणजे लेखिका. वय झालेली, मोजकंच लिहिलेली, पण जे लिहिलं ते लोकांनी जपून ठेवलेलं. कादंबरी जुनी होती, बाजारात प्रती उरल्या नव्हत्या, आणि छापील अक्षर इतकं बारीक की अक्कांच्या धाकट्या भावाला आता ते वाचवत नव्हतं. बहीणभाऊ एकत्र राहत. भावाला टॅबलेटवर अक्षर मोठं करून वाचायची सवय झाली होती. अक्कांनी एकदा मालकीणबाईंना फोन करून सांगितलं की माझं बाकी काही मागणं नाही, पण याला माझं पुस्तक वाचता येईल असं काहीतरी करा. मालकीणबाईंनी लगेच होकार दिला. त्यांचाही त्या पुस्तकावर जीव होता.

अडचण एकच होती. पुस्तक ज्या संगणकावर जुळवलं गेलं होतं तो केव्हाच भंगारात गेला होता आणि मूळ फाइलही त्याच्याबरोबर गेली होती. उरली होती ती छपाईची पीडीएफ, म्हणजे पानांचा जसाच्या तसा फोटो म्हणा ना. त्यातून मजकूर उपसून ई-बुक करायचं काम नेहमीच्या रूपांतरवाल्या गृहस्थांकडे गेलं. ते दुसऱ्या शहरात बसून काम करत, फोनवर फार अदबीनं बोलत. त्यांनी फाइल पाठवली, सोबत निरोप की तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढली आहे, एकही चूक दाखवलेली नाही.

चाळणीताईनं खुर्ची खिडकीजवळ ओढली, छापील पुस्तक मांडीवर घेतलं, फोनवर ई-बुक उघडलं आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं. ही तिची पहिली पायरी. प्रत्येक प्रकरणाच्या नावावर टिचकी मारायची आणि ते प्रकरण उघडतंय ना ते बघायचं.

अक्कांनी प्रकरणांना नावं मोठी साधी दिली होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि मग परत तीच नावं. कादंबरी भरभर पुढे जात असे आणि दिवस उगवत-मावळत राहत. ताईनं पहिल्या ‘सकाळ’वर टिचकी मारली, पहिली सकाळ उघडली. पुढच्या ‘सकाळ’वर मारली, पुन्हा पहिलीच सकाळ. शेवटच्या ‘सकाळ’वर मारली तरी तीच. दुपारचीही तीच गत. पुस्तकात कुठेही बोट ठेवा, माणूस फिरून पहिल्याच दिवसात.

कारण तिच्या लगेच लक्षात आलं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला फाइलमध्ये एक खूण असते आणि अनुक्रमणिकेतली लिंक त्या खुणेपाशी नेते. इथे खुणा प्रकरणाच्या नावावरूनच आपोआप तयार झाल्या होत्या. नावं सारखी, म्हणून लिंकही सारख्या, आणि लिंक गेली ती समोर दिसलेल्या पहिल्या खुणेकडे. सॉफ्टवेअरला यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. लिंक कुठेतरी पोचतेय ना, मग झालं. ती बरोबर घरी पोचतेय का हे बघायला माणूसच लागतो.

जेवताना तिनं हे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “पाइप फुटलेला नाही. पण नळ कुठलाही सोडला तरी पाणी पहिल्याच बाथरूममध्ये येतंय. पुढे जोडायला विसरलेत.” इतकं नेमकं तिलाही सांगता आलं नसतं.

रूपांतरवाल्यांना तिनं ते कळवलं. त्यांनी प्रत्येक खुणेला आकडा जोडून वेगळं केलं आणि दुरुस्त फाइल धाडली. तिनं पुन्हा टिचक्या मारल्या. पुस्तकाच्या आतल्या अनुक्रमणिकेच्या पानावरून सगळं जिथल्या तिथे उघडत होतं. मग तिनं वाचनाच्या ॲपमधला बाजूचा मेनू उघडला. त्यात अनुक्रमणिका वेगळी असते, आतल्या पानाशी तिचा काही संबंध नसतो. तिथे अजून पहिलीच सकाळ चालू होती. तेही दुरुस्त झालं आणि मग ती निवांत वाचायला बसली.

वाचायला बसली खरी, पण पहिल्याच पानावर डॉक्टर अडखळला.

‘तुमच्या मुलाला का-ही झालेलं नाही,’ असं तो कादंबरीतल्या आईला सांगत होता. पुढे आई म्हणत होती, ‘मग तो अ-सा का बोलतो?’ शेजारीण अडखळली, मास्तर अडखळले, बसचा कंडक्टर अडखळला. निवेदनातला वारासुद्धा ‘झाडां-मधून’ वाहत होता. ताईला क्षणभर हसू आलं आणि मग तिनं कपाळाला हात लावला.

कारण त्या कादंबरीत खरोखर अडखळणारा माणूस एकच होता. धाकटा. गोष्टच मुळी त्याची होती, त्याची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची. धाकटा मोठ्यानं बोलायला गेला की अक्षराला अडतो, आणि अक्कांनी ते आडव्या रेघा घालून दाखवलं होतं. ‘म-म-मला’, ‘ज-जाऊ दे’. पण तोच धाकटा मनात बोलतो तेव्हा झऱ्यासारखा बोलतो. त्याचं मनातलं बोलणं छापील पुस्तकात तिरप्या अक्षरात होतं. अवतरणचिन्हं अक्कांना आवडत नसत, त्यांनी ती वापरलीच नव्हती. सरळ अक्षर म्हणजे तोंडानं बोललेलं, तिरपं अक्षर म्हणजे मनात राहिलेलं. सगळ्या पुस्तकाचा डोलारा एवढ्याशा खांबावर उभा होता.

आणि फाइलमध्ये तिरपं अक्षर औषधालाही उरलं नव्हतं. धाकट्याचं मनातलं सगळं सरळ झालं होतं, म्हणजे तो घडाघडा बोलत सुटला होता. आणि ओळीच्या शेवटी शब्द मोडताना छपाईत घातलेल्या रेघा आता ओळींची लांबी बदलल्यामुळे भलत्याच ठिकाणी, शब्दांच्या पोटात आल्या होत्या, म्हणून बाकी सगळं गाव तोतरं झालं होतं. एक सोडून सगळे अडखळत होते.

रूपांतरवाल्यांना फोन केला तर ते बिचारे ओशाळले. तिरप्या अक्षराचं कारण त्यांनी शोधून काढलं. जुन्या काळी जुळणी करणाऱ्यानं तिरपा फॉन्ट वापरलाच नव्हता. साधंच अक्षर घेऊन त्याला एका बाजूला कललेलं दाखवलं होतं. डोळ्याला ते तिरपं दिसे, पण पीडीएफच्या लेखी फॉन्ट तोच. मजकूर उपसणाऱ्या सॉफ्टवेअरला फरक कळायला मार्गच नव्हता. रेघांचं मात्र लगेच करतो, म्हणाले.

त्यांनी लगेच केलं, आणि तिथेच घोटाळा झाला. शब्दांमधल्या सगळ्या रेघा त्यांनी एका झटक्यात उडवल्या. डॉक्टर, मास्तर, कंडक्टर सगळे बरे झाले. पण ‘म-म-मला’चं ‘मममला’ झालं आणि ‘ज-जाऊ दे’चं ‘जजाऊ दे’. धाकटा आता अडखळत नव्हता, वाचणाऱ्यालाच अडखळायला लावत होता.

शेवटी दोघांनी फोनवर बसून एक नियम ठरवला. पहिल्या फाइलवर परत जायचं. जिथे रेघेच्या दोन्ही बाजूंना तेच अक्षर आहे तिथे रेघ ठेवायची, कारण अडखळणं असंच लिहिलेलं असतं. बाकीच्या रेघा एकेक करून समोर आणायच्या आणि ताईनं बघून सांगायचं की ही ठेव, ही काढ. ‘आई-वडील’मधली ठेव. ‘झाडां-मधून’मधली काढ. हे काम तिला आवडलं. भाजी निवडताना हात चालतो आणि डोकं मोकळं राहतं, तसं ते होतं. नियमाला चकवणारा एक नग तरीही निघालाच. थोरली बाजारातून ‘अन-नस’ घेऊन येते. छपाईत ओळ नेमकी तिथे मोडली होती, रेघेच्या दोन्ही बाजूंना ‘न’ होता, आणि नियमानं ती रेघ इमानेइतबारे जपली होती. फळसुद्धा अडखळलं. ताईनं ती रेघ काढली आणि रूपांतरवाल्यांना सांगितलं. ते फोनवर इतके हसले की त्यांच्या मागे कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

तिरप्या अक्षरांना मात्र जवळची वाट नव्हती. छापील पान डावीकडे, फाइल उजवीकडे, आणि ओळ न् ओळ डोळ्यांनी बघत मनातलं बोलणं तेवढं निवडून तिरपं करायचं. मालकीणबाईंनी विचारलं, कुणाला मदतीला देऊ का. ताई नको म्हणाली. तिला ते एकटीनंच करायचं होतं. कारण तिरपं करण्यासाठी ती पुस्तक इतकं सावकाश वाचत होती, जितकं सावकाश ते यापूर्वी कुणी वाचलं नसेल. धाकटा जेवताना काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे तिच्या बोटांना कळायला लागलं होतं.

असं करत करत ती बसस्टँडच्या प्रसंगाशी आली.

पुस्तकातला तो सगळ्यांच्या लक्षात राहिलेला प्रसंग. थोरलीला दूरच्या गावी नोकरी लागते. धाकटा तिला सोडायला येतो. तो तिची ट्रंक टपावर चढवतो, ती खिडकीशी बसते, बस सुरू होते. आणि मध्ये एका ओळीत दोनच शब्द. ‘जाऊ नकोस.’

छापील पुस्तकात ते शब्द सरळ होते.

ताईनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पट्टी लावून बघितलं. सरळच. म्हणजे धाकटा हे मोठ्यानं म्हणाला. पण मोठ्यानं म्हणाला तर रेघा कुठे होत्या? हाच धाकटा चार पानं आधी ‘ज-जाऊ दे’ म्हणतो. आख्ख्या पुस्तकात त्याचं मोठ्यानं बोललेलं एकही वाक्य असं गुळगुळीत नव्हतं. मग एक तर जुळणी करणाऱ्याकडून रेघा राहिल्या, किंवा तिरपं करायचं राहिलं. किंवा अक्कांनाच असं हवं होतं, की आयुष्यात एकदाच तो न अडखळता बोलला.

आणि फरक साधा नव्हता. तो मोठ्यानं म्हणाला असेल तर थोरलीनं ऐकलं, आणि ऐकूनही ती गेली. वाचक इतकी वर्षं तसंच धरून चालले होते. अक्कांना त्यावरून पत्रं आली होती, काही रागाची. तो मनात म्हणाला असेल, तर थोरलीच्या कानावर काहीच पडलं नव्हतं.

मालकीणबाई म्हणाल्या, छापलंय तसं ठेव, आपण कोण बदलणार. त्यांचं बरोबरच होतं. पण ताईला राहवेना. ती म्हणाली, बदलणार नाही, नुसतं विचारून येते. अक्का आहेत तोवर विचारून घेतलेलं बरं. मालकीणबाईंनाही ते पटलं.

अक्कांचं घर तळमजल्यावर होतं. दार भावानं उघडलं. उंच, रुंद खांद्यांचे, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. नगरपालिकेच्या तलावावर त्यांनी जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं होतं. शिट्टी आणि हात एवढ्यावर त्यांचं काम भागे, आणि अर्ध्या शहराला पाण्यावर तरंगायला त्यांनी शिकवलं होतं. त्यांनी ताईला हातानंच आत या म्हटलं, खुर्ची पुढे केली आणि आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज यायला लागला.

अक्का आरामखुर्चीत बसल्या होत्या. ताईनं आधी रेघांची गंमत सांगितली, अननसाची सांगितली. अक्का हसल्या. मग तिनं पान उघडून पुढे धरलं आणि विचारलं की अक्का, हे दोन शब्द तुम्ही कसे लिहिले होते, सरळ की तिरपे?

अक्कांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही.

“तिरपे,” त्या म्हणाल्या. “कागदावर खाली रेघ मारली होती मी. पुस्तक हातात आलं तेव्हा ते सरळ होऊन आले होते. पहिल्याच दिवशी दिसलं मला.”

“मग कळवलं नाहीत?”

अक्का हलक्या आवाजात सांगू लागल्या. त्या स्वतः नोकरीला गेल्या तेव्हा भाऊ असाच सोडायला आला होता. बसचं इंजिन धडधडत होतं, खिडकीची काच लावलेली होती. भावाचे ओठ हललेले त्यांनी बघितले, शब्द ऐकू आला नाही. तो काय म्हणाला असेल याचा विचार त्या प्रवासभर करत राहिल्या, आणि वय वाढलं तसा तो विचार याच दोन शब्दांपाशी येऊन थांबला. कादंबरीत तो मनात म्हणतो असं त्यांनी लिहिलं, कारण तसं लिहिणं सोपं होतं. छापखान्यानं ते शब्द सरळ केले तेव्हा त्यांना वाटलं, खरं तर हेच असेल. म्हणून राहू दिलं.

“त्यांना विचारलं नाहीत कधी?” ताईनं विचारलं.

“काय विचारायचं? तू मला थांब म्हणालास का, आणि मी गेले का?”

तेवढ्यात भाऊ चहाचा ट्रे घेऊन आले. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. ट्रे टेबलावर ठेवला, कप ताईच्या पुढे सरकवला, आणि बहिणीकडे बघत ते उभे राहिले.

“ब-बसच्या वेळी?” ते म्हणाले.

ताईनं घाबरत घाबरत पान दाखवलं आणि काय प्रश्न आहे ते सांगितलं. भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला, पान नाकाजवळ नेलं, दोन शब्द वाचले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य आलं की ताई ते विसरणार नाही.

“मी म्हणालो, प-पाय वर घे,” भाऊ म्हणाले. “तुझ्या सीटखाली कुणाचातरी तेलाचा डबा गळत होता. मला ब-बाहेरून दिसत होतं, दार उघडं होतं. तू हात हलवत बसलीस.”

अक्का भावाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप गुडघ्याकडे, साडीच्या काठाकडे गेला.

“माझ्या साडीला वास येत होता,” त्या म्हणाल्या. “तिथे उतरल्यावर. काठ धुऊन धुऊन दमले मी. निघालाच नाही तो. नवीन साडी होती.”

“प-पाय घ्यायचे होते ना वर.”

अक्का हसायला लागल्या. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलवत, मग चांगल्या मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताईला कळेना की हे हसणंच आहे ना, पण भाऊ निवांत दिसत होते, म्हणून तीही निवांत झाली. अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, म्हणजे तुला वाईट वाटलं नव्हतं? भाऊंनी जरा विचार केला. वाटलं असेल, ते म्हणाले, पण त्या दिवसापासून खिडकीजवळची खाट त्यांना मिळाली होती, तेही खरं.

मग चहा झाला, आणि मूळ प्रश्न परत टेबलावर आला. अक्का म्हणाल्या, आता मी काय करू? खरं तेच लिहू का? बसस्टँडवर तो पाय वर घे म्हणाला असं?

ताईनं सांगितलं की हा निर्णय तिचा नाही, प्रकाशनाचाही नाही. नव्या प्रतीत अक्का जे म्हणतील ते होईल. सरळ, तिरपं, रेघांसकट, किंवा वेगळंच.

उत्तर भाऊंनी दिलं. ते खाली बसले, सावकाश एकेक शब्द घेत बोलले, आणि कुणी त्यांचं वाक्य पुरं करायला गेलं नाही.

“प-पुस्तकातला पोरगा मी नाही. तो ‘म’ला अडतो. मी ‘म’ला कधी अडलो नाही, मी ‘प’ला आणि ‘ब’ला अडतो. अक्का, तू इतकी वर्षं माझ्याशी ब-बोलतेस आणि तुला एवढं माहीत नाही.” ते जरा थांबले. “तो वेगळा पोरगा आहे. त्याला वाटू दे ना, बहिणीनं जाऊ नये म्हणून. म-मनात वाटू दे. तिला ऐकू नको जायला.”

शेवटी ते नेमके ‘म’लाच अडले. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि तिघंही हसली.

“तिरपं कर,” अक्का ताईला म्हणाल्या. “मी लिहिलं होतं तसं. आणि तिला जाऊ दे सुखानं.”

ऑफिसात येऊन ताईनं मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नव्या आवृत्तीच्या सुरुवातीला एक ओळ घालायचं ठरवलं, की छापील प्रतीतली एक जुळणीची चूक लेखिकेच्या सांगण्यावरून सुधारली आहे. कुठली ते लिहायचं नाही, ज्याला शोधायची त्यानं शोधावी. रूपांतरवाल्यांनी एक चांगली युक्ती काढली. ॲपनं जमेल तसं अक्षर कलवण्याऐवजी एक खराखुरा तिरपा फॉन्टच त्यांनी फाइलमध्ये घातला आणि ताईनं खुणा केलेल्या प्रत्येक जागी तो लावला. ताईनं फाइल फोनवर बघितली, टॅबलेटवर बघितली, अक्षर मोठं केलं, लहान केलं, काळा पडदा करून बघितला. धाकटा सगळीकडे मनात मनासारखा बोलत होता.

तरी शेवटची एक तपासणी राहिली होती आणि ती अक्कांनी सुचवली. त्या म्हणाल्या, मी छापील पुस्तक मोठ्यानं वाचते, हा टॅबलेटवरून वाचेल, दोघं एकदम. कुठे शब्द वेगळा आला तर कानाला कळेल. तिरपं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते आवाजातून कळणार नाही, म्हणून ज्याला दिसेल त्यानं तिथे टकटक करायची. दोघांची टकटक बरोबर पडली की पान पास.

दुपारी तिघं बसली. अक्का पुस्तक भिंगाखाली धरून, भाऊ टॅबलेट मांडीवर घेऊन, ताई फोन, वही आणि पेन्सिल घेऊन मधल्या स्टुलावर. भाऊंनी अक्षर इतकं मोठं केलं होतं की पडद्यावर चार ओळीच मावत होत्या, पण ते पान भरभर सरकवत होते. दोघांनी पहिल्या सकाळपासून वाचायला सुरुवात केली.

ताईनं मान वर करून बघितलं. भाऊ अडखळत नव्हते. बहिणीच्या आवाजाला आवाज लावून ते ‘प’वरून, ‘ब’वरून सरळ निघून जात होते, पाण्यातून हात मारत जावं तसे. अक्कांना याचं काही नवल वाटत नव्हतं. लहानपणी धडे आम्ही असेच पाठ करायचो, त्या मध्येच थांबून म्हणाल्या, एकत्र वाचलं की हा कधी अडत नाही. गंमत झाली ती धाकट्याच्या पहिल्या वाक्याला. ‘म-म-मला’ आलं आणि भाऊंना मुद्दाम अडखळायला लागलं. त्यांनी ते एखाद्या नटासारखं, भुवया उंचावून केलं. अक्कांचा ताल चुकला आणि तो परिच्छेद पहिल्यापासून वाचावा लागला.

टकटक बहुतेक जागी जोडीनं पडत होती. एका जागी मात्र अक्कांची एकटीची पडली. पुस्तकात तिरपं संपलं होतं, भाऊंच्या पडद्यावर ते पुढे चालूच होतं. ताईनं बघितलं. धाकट्याच्या मनातलं बोलणं जिथे संपायला हवं तिथे संपण्याची खूण एक ओळ खाली पडली होती, आणि थोरलीचं एक साधं वाक्य, ‘दूध तापलंय,’ तेही तिरपं झालं होतं. कित्येक वाचकांनी ते तसंच वाचलं असतं आणि थोरली दुधाचा एवढा खोल विचार का करतेय म्हणून डोकं खाजवलं असतं. ही चूक ताईच्या हातची होती. तिनं ती वहीत टिपली आणि तिथल्या तिथे रूपांतरवाल्यांना कळवली. त्यांचं उत्तर आलं की केलं, आणि खाली त्यांनी विचारलं होतं की मी पण फोनवर ऐकत बसू का, माझं आजचं काम झालंय. ताईनं फोन लावून टेबलावर ठेवला.

बसस्टँडचं पान आलं. इंजिन सुरू झालं, ट्रंक वर गेली. मग दोन टकटका, अक्कांची नाही, भाऊंची एकट्याची. छापील पुस्तकात ते शब्द अजून सरळच होते ना. ताईनं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. या एका जागी दोन प्रती वेगळ्या असायला हव्या होत्या आणि त्या तशा होत्या. बस गेली. पुढचं प्रकरण सुरू झालं.

संध्याकाळच्या सुमारास अक्कांचा घसा बसला. त्यांनी पुस्तक उलटं करून मांडीवर ठेवलं आणि पाण्याचा पेला उचलला. भाऊ थांबले नाहीत. ते एकटेच पुढे वाचत राहिले, जरा हळू. ‘पलीकडे’ या शब्दाला अडले, थांबले, ताईनं त्यांच्या पडद्यावर बोट त्याच शब्दाखाली धरून ठेवलं, फोनच्या पलीकडेही कुणी आवाज केला नाही. शब्द आला. भाऊंनी पान सरकवलं आणि पुढचं वाक्य घेतलं.